संकल्पचित्राची पाठवणी

मीरा-भाईंदरमध्ये १९८० आणि १९९०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या अनेक इमारती आता पुनर्विकासाच्या वाटेवर असून, त्या निमित्ताने शहरात संकल्पचित्रांना, म्हणजे संगणकावर त्रिमितीय प्रारूप उभारून त्यातून काढलेल्या भावी इमारतीच्या चित्रांना, सतत मागणी असते. व्यवसायात ज्याला सरसकट ‘रेंडर’ म्हणतात, ते हे चित्र पूर्ण झाले की एकाच ठिकाणी जाऊन थांबत नाही. ते विकासकाच्या संकेतस्थळावर चढते, सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत ठेवायच्या फलकावर छापले जाते आणि कमिटीच्या सभासदांना मेलनेही पाठवले जाते. या तिन्ही ठिकाणी तीच एक फाइल पाठवून मोकळे होण्याची सवय बहुतेक कार्यालयांत आढळते, आणि चित्र उत्तम असूनही फलक काळपट दिसणे, संकेतस्थळ मंदावणे किंवा आकाश जांभळे होणे या तक्रारींचे मूळ बहुधा याच सवयीत असते. रेझोल्यूशन, फाइलचा प्रकार आणि रंगांचे प्रोफाइल हे तिन्ही निर्णय रेंडर करणाऱ्याच्या टेबलापासून पुढे न जाता, चित्र शेवटी ज्याच्या डोळ्यासमोर येणार त्या माणसापासून मागे मोजत यावे लागतात, ही गोष्ट या कामात मुरलेल्यांना अनुभवानेच कळलेली असते.

यासाठी नेहमीच्या कामातले एक उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. भाईंदर पश्चिमेच्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या जागी होणाऱ्या इमारतीचे, संध्याकाळच्या उजेडातले, रस्त्यावरून दिसणारे एक बाह्यदृश्य हवे आहे. त्यात गडद होत गेलेले निळे आकाश, खिडक्यांतला पिवळसर उजेड, फिकट क्रीम रंगाच्या भिंती, गच्च्यांचे उभे रेलिंग आणि खाली झाडांची दाट सावली आहे. सभागृहात चार फूट रुंद आणि तीन फूट उंच सनबोर्ड, म्हणजे फोमच्या पातळ पाट्यावर चिकटवलेले छापील विनाइल, ठेवायचे आहे. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर हेच दृश्य आडव्या पट्टीत दिसायला हवे. कमिटीला ते मेलवर हवे. आणि पुढे विक्री सुरू झाली की महामार्गाच्या कडेला वीस फूट रुंद, दहा फूट उंच फ्लेक्स लागण्याची शक्यता आहे.

पहिला प्रश्न पिक्सेलांचा, म्हणजे चित्र ज्या लहान चौकोनी ठिपक्यांनी बनते त्यांच्या संख्येचा आहे. छपाईत दर इंचाला किती पिक्सेल यावेत याचे ‘तीनशे’ हे उत्तर पाठ झालेले असते, परंतु ते हातात धरून, साधारण फूटभर अंतरावरून पाहायच्या माहितीपत्रकासाठीच खरे आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखू शकतो, आणि त्यावरून साधा हिशेब असा निघतो की ३४३८ या संख्येला पाहण्याच्या अंतराने, इंचांत मोजून, भागले की दर इंचाला पुरेसे पिक्सेल मिळतात. सभेत सभासद फलकाच्या अगदी जवळ आले, तरी आपला मजला आणि आपली खिडकी शोधताना ते साधारण दोन फुटांवर उभे असतात. चोवीस इंचांसाठी हे उत्तर १४३ येते, म्हणून दर इंचाला दीडशे पिक्सेल धरले की काम भागते. ४८ इंच रुंद आणि ३६ इंच उंच फलकासाठी त्यामुळे ७२०० बाय ५४०० पिक्सेलांचे रेंडर लागते. तीनशेचा हट्ट धरला असता तर १४४०० बाय १०८०० पिक्सेल, म्हणजे चौपट पिक्सेल आणि जवळपास चौपट वेळ लागला असता, आणि दोन फुटांवरून पाहणाऱ्याला त्यातला फरक दिसला नसता.

याच हिशेबातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते, ती अशी की फलक जितका मोठा आणि दूर, तितकी पिक्सेलांची घनता कमी चालते. महामार्गावरचा फ्लेक्स तीस फुटांवरूनही पाहिला गेला तरी दर इंचाला दहाच पिक्सेल पुरतात; उलट ७२०० पिक्सेल रुंदीचे चित्र २४० इंचांवर पसरले की दर इंचाला तीस पिक्सेल पडतात, म्हणजे गरजेच्या तिप्पट. सभेच्या फलकासाठी काढलेले रेंडर फ्लेक्सलाही पुरते, अट एवढीच की चित्राची चौकट आधीच विचारपूर्वक ठरलेली असावी. फलकाचे प्रमाण चारास तीन, फ्लेक्सचे दोनास एक आणि संकेतस्थळाच्या पट्टीचे बहुधा सोळास नऊ असते, त्यामुळे कॅमेरा लावतानाच इमारतीच्या डोक्यावर आकाश आणि पायाशी रस्ता इतका मोकळा सोडावा लागतो की वरून-खालून कापून ७२०० बाय ३६०० चा तुकडा घेतला तरी गच्चीवरची टाकी किंवा प्रवेशद्वार कापले जाणार नाही. ही काळजी घेतली नाही तर फ्लेक्स छापायच्या आदल्या दिवशी वेगळ्या चौकटीत नवे रेंडर काढावे लागते आणि घाईत त्याचा उजेड जुन्याशी जुळत नाही.

येथेच एक गैरसमज दूर करणे आवश्यक ठरते. फाइलमध्ये ‘३०० डीपीआय’ असे लिहिलेले असणे ही फाइलच्या माथ्यावरची केवळ एक नोंद असते. ती चित्रातले पिक्सेल वाढवत नाही, आणि पडद्यावर चित्र दाखवताना तिला काहीच अर्थ उरत नाही. छपाईसाठी फाइल मागणाऱ्याने तीनशेचा आग्रह धरला की काही जण लहान चित्राचा हा आकडा बदलून देतात किंवा संगणकाला मधले पिक्सेल अंदाजाने भरायला लावतात. पहिल्या उपायाने काहीच बदलत नाही, आणि दुसऱ्याने रेलिंगच्या सळया गुळगुळीत, मेणासारख्या दिसू लागतात. म्हणून मागणी आणि पुरवठा दोन्ही नेहमी पिक्सेलांच्या एकूण संख्येत आणि छापील आकारात बोलले जावेत.

दुसरा प्रश्न फाइलच्या प्रकाराचा आहे, आणि त्याचे उत्तर एक मूळ प्रत आणि तिच्यापासून थेट काढलेल्या वेगवेगळ्या प्रती या व्यवस्थेत आहे. रेंडर इंजिनातून निघालेले चित्र सहसा ईएक्सआर प्रकारात साठवले जाते, कारण त्यात प्रकाशाचे मोजमाप दर रंगाला सोळा किंवा बत्तीस बिटांच्या दशांशी अंकांत राहते आणि खिडकीतला तीव्र उजेड पुढे कमी-जास्त करता येतो. मात्र या प्रकारातले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात असतात, डोळ्याच्या नव्हे. रेंडरच्या खिडकीत दिसणारे रूप हे त्यावर चढवलेल्या दर्शन-रूपांतराचे, उदाहरणार्थ ब्लेंडरमध्ये आवृत्ती ४.० पासून मूळचे असलेल्या ‘एजीएक्स’चे, फळ असते. हे रूपांतर फाइलमध्ये उतरलेले नसल्यामुळे तीच ईएक्सआर फोटोशॉपमध्ये उघडली की सावल्या दाट आणि दिवे पांढरेफटक दिसतात. आणि ज्याने ही गफलत हाताने सुधारण्याचा प्रयत्न केला त्याच्या हाती बहुधा दोनदा उजळलेले, फिके चित्र लागते. दर्शन-रूपांतर एकदाच आणि जाणूनबुजून उतरवून, रंगदुरुस्ती पूर्ण करून, सोळा-बिट टिफ फाइल ही मूळ प्रत म्हणून ठेवणे हा त्यावरचा मार्ग आहे. वरच्या मापाच्या चित्राची अशी फाइल न आकुंचवता सुमारे २३३ मेगाबाइट भरते, परंतु संध्याकाळच्या आकाशाच्या बारीक छटा तीच सांभाळते. दर रंगाला २५६ पायऱ्या देणाऱ्या आठ-बिट प्रतीवर रंगदुरुस्ती केली की त्या आकाशात पट्टे उठतात आणि मोठ्या फलकावर ते लपत नाहीत.

मूळ प्रतीपासून काढायच्या प्रतींपैकी संकेतस्थळाची प्रत सर्वांत हलकी लागते. जेपेग हा प्रकार डोळ्याला कमी जाणवणारा तपशील टाकून फाइल लहान करतो, तर पीएनजी काहीही न टाकता साठवतो. म्हणून झाडे, ढग आणि रेंडरचा सूक्ष्म दाणा असलेले १९२० पिक्सेल रुंदीचे चित्र पीएनजीमध्ये सहज तीन-चार मेगाबाइटला जाते, तेच जेपेगमध्ये तीनशे-चारशे किलोबाइटमध्ये आणि वेबपीमध्ये त्याहूनही कमी जागेत बसते. पीएनजी हे सपाट रंगांच्या आणि तीक्ष्ण रेषांच्या मजला-आराखड्यांसाठी किंवा पारदर्शक पार्श्वभूमीच्या बोधचिन्हासाठी राखून ठेवावे. दाट पिक्सेलांच्या फोनसाठी आणि लॅपटॉपसाठी २५६० पिक्सेल रुंदीची आणखी एक प्रत दिली की पडद्याची गरज भागते. लहान करताना खरी अडचण गच्च्यांचे रेलिंग आणि लुव्हर आणतात, कारण जवळजवळच्या उभ्या रेषा कमी पिक्सेलांत मावेनाशा झाल्या की त्यांच्यावर मूळ इमारतीत नसलेली लाटांसारखी नक्षी उमटते. म्हणून ७२०० वरून १९२० वर येताना आधी किंचित मऊ करून, चांगल्या पद्धतीने लहान करून, मग हलकी धार दिली जाते, आणि तयार प्रत शंभर टक्के आकारात पाहून रेलिंग तपासले जाते.

मेलची प्रत ही संकेतस्थळाची प्रत नव्हे, कारण ती पाहणारा माणूस ती मोठी करून पाहतो आणि पुढे पाठवतो. जीमेलमध्ये जोडपत्रांची मर्यादा २५ मेगाबाइट आहे, परंतु मेलमधून जाताना फाइल अक्षरांत रूपांतरित होऊन सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून प्रत्यक्षात अठरा मेगाबाइटच्या वर जाणे धोक्याचे असते, आणि अनेक कार्यालयांच्या मेलपेट्या त्याहूनही आधी हात वर करतात. साधारण २४०० पिक्सेल रुंदीचे, एक-दोन मेगाबाइटचे जेपेग मेलमध्ये जोडावे आणि छपाईची मोठी फाइल दुव्याने द्यावी, ही विभागणी टिकते. सर्वांत मोठे नुकसान मात्र मेलनंतर होते. कमिटीतला एखादा सभासद ते चित्र व्हॉट्सॲपच्या गटात टाकतो, तेथे ते नेहमीच्या दर्जात लांब बाजूला सुमारे सोळाशे पिक्सेलपर्यंत आकसते, आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी तेच चित्र फ्लेक्सवाल्याकडे पोहोचते. चार फुटांच्या फलकावर त्याचे दर इंचाला तेहतीस पिक्सेल पडतात, जे दोन फुटांवरच्या डोळ्याला चौथाईसुद्धा पुरत नाहीत. असे झाले आहे हे ओळखण्याची खूण दुहेरी आहे. छपाईत इमारतीच्या कडांभोवती धूसर कंपने आणि आठ-आठ पिक्सेलांचे चौकोन दिसतात, आणि फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर फाइलचे नाव `IMG-20240105-WA0007.jpg` या धाटणीचे असते. चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर ते आकसत नाही. तरीही फाइलच्या नावातच `board_48x36in` किंवा `email_only` असे लिहिणे हा अधिक भरवशाचा उपाय आहे, कारण गटागटांतून फिरताना सोबतचा मजकूर गळून पडतो.

तिसरा प्रश्न रंगांचा आहे आणि तोच सर्वांत जास्त वाद निर्माण करतो. चित्रातला प्रत्येक रंग केवळ तीन आकड्यांत साठवलेला असतो, आणि ते आकडे नेमक्या कोणत्या लाल, हिरव्या आणि निळ्याचे प्रमाण सांगतात हे ज्या तक्त्यावरून कळते तो तक्ता म्हणजे प्रोफाइल. पडद्यांसाठी १९९९ मध्ये मानक झालेले एसआरजीबी हे सर्वांत सुरक्षित प्रोफाइल आहे, कारण ज्या साधनाला प्रोफाइल वाचता येत नाही तेही साधारण एसआरजीबीच समजून चालते. त्याहून व्यापक अशा ॲडोब आरजीबीमध्ये काढलेली प्रत मेलने गेली आणि पाहणाऱ्या साधनाने प्रोफाइल वाचले नाही, तर झाडे आणि आकाश मलूल दिसतात. चित्र संगणकावर टवटवीत आणि ग्राहकाच्या फोनवर कोमेजलेले, अशी तक्रार आली की सर्वप्रथम हेच तपासावे लागते. ही दुरुस्ती करताना फोटोशॉपमधल्या दोन आज्ञांतला भेद महत्त्वाचा असतो: `Convert to Profile` आकडे बदलून रंग तोच ठेवते, तर `Assign Profile` आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ, म्हणजे दिसणारा रंग बदलते. पाठवायची प्रत पहिल्या आज्ञेनेच तयार होते.

छपाईत रंग प्रकाशाने नव्हे तर निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने उमटतात, आणि पडद्यावरचा गडद निळा व झगमगीत हिरवा या शाईच्या आवाक्याबाहेर असतो. उदाहरणातले संध्याकाळचे आकाश नेमके येथेच फसते, कारण तो निळा साधायला निळसर शाईसोबत किरमिजीही भरपूर चढते आणि आकाश जांभळ्याकडे झुकते. छपाईच्या प्रोफाइलमध्ये चित्र पडद्यावर आधीच पाहण्याची, म्हणजे सॉफ्ट प्रूफची सोय चालू ठेवून मूळ प्रतीच्या छपाईसाठीच्या प्रतीत आकाशाची छटा किंचित निळसर-हिरवटाकडे सरकवली आणि तिची तीव्रता उतरवली, तर छापून आलेला निळा निळाच राहतो. झाडांखालच्या सावलीचा प्रश्न वेगळा आहे. तेथे चारही शाया मिळून तीनशे टक्क्यांच्या वर गेल्या तर ऑफसेटच्या आर्ट पेपरवर शाई वाळत नाही आणि वरच्या पानाच्या पाठीला लागते, म्हणून छपाईचे प्रोफाइल आणि त्याची शाईमर्यादा छापखान्यालाच विचारून घ्यावी लागते. माहितीपत्रकासाठी छापखाना `Coated FOGRA39` सारखे नाव सांगतो. सनबोर्डचे विनाइल छापणारा मात्र अनेकदा काहीच सांगत नाही, आणि त्याच्या यंत्राचे सॉफ्टवेअर रंगांचे रूपांतर स्वतः करते. अशा वेळी अंदाजाने शाईच्या रंगांत बदलून दिलेली फाइल दुसऱ्यांदा रूपांतरित होऊन मळकट होते; प्रोफाइल जोडलेली एसआरजीबी टिफ देणे तेव्हा अधिक शहाणपणाचे ठरते.

फलक काळपट आल्याची तक्रार मात्र बहुतेक वेळा फाइलमुळे नसतेच. कार्यालयातल्या पडद्यांचा उजेड कारखान्यातून येतो तसा अडीचशे-तीनशे कँडेलापर्यंत ठेवलेला असतो, तर छपाईशी तुलना करण्यासाठी तो दर चौरस मीटरला ऐंशी ते एकशेवीस कँडेला असावा लागतो. झगझगीत पडद्यावर सावल्यांमध्ये जो तपशील दिसतो तो कागदावर कधीच दिसणार नसतो. त्यात सभागृहातल्या दिव्यांची भर पडते. छपाईचे रंग ५००० केल्व्हिनच्या प्रमाण प्रकाशात पाहायचे ठरलेले असताना, सोसायटीच्या हॉलमध्ये साधारण ६५०० केल्व्हिनच्या थंड पांढऱ्या एलईडी नळ्या असतात, त्यामुळे क्रीम भिंती पांढरट आणि आकाश अधिक थंड दिसते. वर मॅट लॅमिनेशन असेल तर चकाकी जाते, पण काळ्याची खोलीही उतरते. या सर्व कारणांचा एकत्र परिणाम गणिताने काढता येत नाही. तो काढण्याचा मार्ग म्हणजे चित्रातल्या आकाशाचा, एका उजळ खिडकीचा, क्रीम भिंतीचा आणि सावलीचा तुकडा पूर्ण आकारात, त्याच विनाइलवर, त्याच लॅमिनेशनसह ए-४ इतक्या पट्टीवर छापून घेणे आणि ती पट्टी त्याच हॉलच्या उजेडात, दोन फुटांवरून पाहणे.

अक्षरे आणि क्यूआर कोड यांना या सगळ्यापासून वेगळे ठेवावे लागते. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो रेंडरमध्येच चिकटवून जेपेग केला की त्याच्या कडा विरघळतात, आणि पडद्यावरचा काळा चार शायांत रूपांतरित झाला की छपाईत किंचित सरकूनही कडांना रंगीत झालर येते. म्हणून फलकाच्या मांडणीत चित्र खाली, आणि त्यावर प्रकल्पाचे नाव, नोंदणी क्रमांक, ‘संकल्पचित्र’ ही सूचना आणि क्यूआर कोड हे सर्व रेषारूपात, फक्त काळ्या शाईत, पीडीएफमध्ये ठेवले जाते. चित्र दीडशे पिक्सेलांचे असले तरी ही अक्षरे छपाईयंत्राला झेपेल तितकी तीक्ष्ण उमटतात.

संकल्पचित्र ही केवळ सजावट नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार, जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील चुकीच्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम दिलेल्या व्यक्तीचे नुकसान झाले तर भरपाईची जबाबदारी प्रवर्तकावर येते, आणि पुनर्विकासात जुने सभासद तर फलकावरच्या भिंतीचा रंगसुद्धा ठरलेली गोष्ट म्हणून ध्यानात ठेवतात. फोनवर पाहिलेले क्रीम आणि फलकावरचे पांढरट यांतला फरक त्यांना फाइलचा वाटत नाही, बदललेल्या शब्दाचा वाटतो. त्यामुळे फाइलींसोबत अर्ध्या पानाचे एक पत्रक दिले जाणे उपयोगी ठरते, ज्यात प्रत्येक प्रतीचे पिक्सेल, छापायचा कमाल आकार, प्रोफाइल आणि कोणत्या तारखेच्या मूळ प्रतीवरून ती काढली याची नोंद असते, आणि भिंतीचा खरा रंग चित्रावरून नव्हे तर रंगकंपनीच्या छटा-क्रमांकावरून ठरेल हेही लिहिलेले असते. पडदा आणि कागद पूर्णपणे जुळवणे कोणत्याही प्रोफाइलच्या आवाक्यातले नाही. म्हणून फलकाला मंजुरी मेलमधल्या चित्रावर न घेता छापलेल्या पट्टीवर, सही आणि तारखेसह घेतली जावी, आणि मोठा सनबोर्ड त्यानंतरच छपाईला सोडला जावा.